पळीतून पळालेलं पिठलं

भाईंदर पूर्वेला नवघर रोडच्या बाजूला एका सोसायटीच्या हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी मी पहिली ते चौथीच्या मुलांचा वक्तृत्वाचा वर्ग घेते. हॉल म्हणजे काय, तर दोन पंखे, एक सतरंजी आणि कोपऱ्यात गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे खांब. एका शनिवारी मी मुलांना सांगितलं होतं, की घरातली एखादी वस्तू आणा आणि तिच्याबद्दल चार वाक्यं बोला. तिसरीतल्या एका मुलानं स्टीलची चकचकीत पळी आणली. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने पुष्कळ आहेत. त्याच्या वडिलांचाही तसाच एक गाळा आहे. तो ऐटीत उभा राहिला आणि म्हणाला, "ही पली आहे. माझ्या पप्पांचा गाला आहे. गाल्यात पली बनते."

वर्ग हसला. हसणाऱ्यांत जे पुढे होते, त्यांतल्या निम्म्यांना स्वतःला 'ळ' येत नव्हता. त्यामुळे आपल्याला का हसतायत हे त्या मुलाला कळेना आणि आपण का हसतोय हे त्यांनाही नीट कळेना.

या भागातल्या कुठल्याही वर्गात हे चित्र दिसेल. एका बाकावर उत्तर प्रदेशातून आलेल्या घरातलं मूल असतं. त्याच्या घरच्या हिंदीत किंवा भोजपुरीत 'ळ' नाही. त्याच्या शेजारी गुजराती घरातलं मूल असतं आणि त्याला 'ळ' आपसूक येतो, कारण तो गुजरातीतही आहे. मागच्या बाकावर इथल्या मूळ आगरी घरातलं मूल असतं. त्याच्या आजीच्या बोलीत 'डोळा'चा 'डोला' होतो आणि 'गाडी'ची 'गारी'. 2020च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, तेव्हापासून इंग्रजी माध्यमातली मुलंही माझ्या वर्गात जास्त येऊ लागली आहेत. एकाच हॉलमध्ये चार घरांच्या चार जिभा. त्यांना 'ळ' म्हणा, 'ळ' म्हणा असं सांगून काही होत नाही. त्यापेक्षा भरभर म्हणायची चार ओळींची गंमत दिली, तर जीभ आपण होऊन जागेवर जाते. ज्यांना मुलं 'टंग ट्विस्टर' म्हणतात आणि जी म्हणताना खरोखर बोबडी वळते, ती पद्यं मी याचसाठी वापरते. पण ती रचायची कशी, हे मला बरंच चुकल्यावर समजलं.

पहिली चूक बहुतेक सगळे करतात. टंग ट्विस्टर म्हणजे एका अक्षरानं सुरू होणारे शब्द एकापुढे एक ठेवायचे, असा आपला समज असतो. त्या पळीवरून सुचलं म्हणून मी रात्री बसून एक ओळ लिहिली:

प्रभाकरनं पितळेच्या पातेल्यात प्रचंड पिठलं परतलं.

सहाच्या सहा शब्द 'प'चे. मी खूश होते. पुढच्या शनिवारी मुलांनी ती ओळ वाचली आणि काहीच घडलं नाही. कुणी अडखळलंच तर 'प्रभाकर'वर आणि 'प्रचंड'वर, आणि तेही गमतीनं नाही, कंटाळून. वेग येईना. बोबडी वळायलाही आधी वेग यावा लागतो.

त्याचं कारण तोंडात आहे. 'प' म्हणताना दोन ओठ मिटतात आणि उघडतात. पुन्हा 'प' आला की ओठांना तेच काम पुन्हा करायचं असतं, आणि एकच काम पुन्हा पुन्हा करणं शरीराला सोपं जातं. स्पीच थेरपिस्ट एक साधी चाचणी घेतात. रुग्णाला आधी 'प-प-प-प' म्हणायला सांगतात आणि मग 'प-त-क, प-त-क'. निरोगी मोठा माणूस नुसता 'प' सेकंदाला पाच-सहा वेळा सहज म्हणतो. 'प-त-क'मध्ये मात्र आधी ओठ, मग जिभेचा शेंडा, मग जिभेचा मागचा भाग अशी पाळी लागते आणि ती सांभाळताना चूक व्हायला जागा मिळते. म्हणजे एकच अक्षर घोळवलं तर धाव मिळते, पेच मिळत नाही. पेच हवा असेल तर जवळजवळ सारख्या दोन गोष्टी आळीपाळीनं आल्या पाहिजेत.

इंग्रजीतला पीटर पायपर सगळ्यांना ठाऊक असतो. 1813 साली लंडनच्या जॉन हॅरिस यांनी उच्चाराच्या सरावाचं एक चिमुकलं पुस्तक छापलं. त्यात जवळजवळ प्रत्येक अक्षराला एक माणूस आणि एक कडवं होतं, सगळी एकाच साच्यातली. त्यातला 'पी'चा पीटर तेवढा जगप्रसिद्ध झाला, बाकीचे पुस्तकातच राहिले. पीटरचं कडवं नीट ऐकलं तर कळतं, की तिथेही जीभ शब्दांच्या पहिल्या 'प'ला अडत नाही. ती अडते 'प'नंतरच्या बारीक फरकांना, म्हणजे एका ठिकाणी 'इ', लगेच 'ए', कुठे शेवटी 'क' तर कुठे 'र'. पहिलं अक्षर फक्त ताल धरतं.

मराठीत ही गोष्ट आणखी ठळक आहे. आपला सगळ्यात मराठी म्हणावा असा वर्ण 'ळ', आणि त्यानं मराठीत एकही शब्द सुरू होत नाही. 'ण'चंही तेच. पीटर पायपरचा साचा घेऊन 'ळ'चं कडवं लिहायला बसलात तर कागद कोराच राहील. 'ळ' नेहमी शब्दाच्या पोटात किंवा शेपटीला असतो. त्यामुळे मराठी पद्याची बांधणी वेगळी करावी लागते. शब्दाच्या तोंडाशी सोपं, धावणारं अक्षर ठेवायचं आणि सापळा पोटात लपवायचा. मुलाला वाटतं आपण 'प'चं गाणं म्हणतोय, आणि शिकत असतं ते 'ळ'.

हे लक्षात आल्यावर मी ती ओळ मोडली. आधी शब्दांच्या तोंडची जोडाक्षरं काढली. 'प्र' म्हणजे ओठ सुटतात न सुटतात तोच जिभेला 'र'साठी उडी. सात वर्षांच्या मुलाला ती वेगात झेपत नाही, त्यामुळे प्रभाकर गेला आणि प्रचंडही गेला. मग शब्दांची लांबी सारखी केली. 'पितळेच्या', 'पातेल्यात' हे शब्द लांब आणि लगेच 'पिठलं' आखूड, त्यामुळे टाळी कुठे द्यायची ते कळत नव्हतं. बालगीताची ओळ चार टाळ्यांची असते. प्रत्येक शब्दाला एक टाळी बसली की मूल आपोआप डोलायला लागतं. दुसरा खर्डा असा झाला:

पितळी पातेलं, पातळ पिठलं,
पातेल्यात पिठलं पातळ पडलं.

ही ओळ धावली. पण मुलं दुसऱ्याच मिनिटाला ती विसरली. कोणता शब्द आधी आणि कोणता नंतर, याला काही कारणच नव्हतं. पिठलं पातळ पडलं, मग पुढे काय? तोंडाच्या व्यायामातसुद्धा काहीतरी घडायला लागतं, नाहीतर ओळ डोक्यात राहत नाही. शिवाय पातेलंही 'प'चं आणि पिठलंही 'प'चं, म्हणजे पहिल्या ओळीचं दुखणं पुन्हा आलं. म्हणून पातेलं हटवून ताट आणलं. 'ताट' आणि 'पातळ' शेजारी आले की ओठ आणि जीभ यांची आळीपाळी सुरू होते. आणि पिठल्याच्या मागे त्या मुलाची पळी लावली.

पितळी ताटात पातळ पिठलं,
पिठलं पातळ ताटात पसरलं;
पातळ पिठल्याला पळीनं पकडलं,
पळीतून पिठलं पटकन पळालं.

हे चाललं. इतकं चाललं, की वर्ग सुटल्यावर जिन्यातून खाली जाताना ऐकू येत होतं.

आता यातले सापळे कुठे आहेत ते पाहा. सगळ्यात अवघड जागा दुसऱ्या ओळीत आहे: 'पातळ ताटात'. प-त-ळ, त-ट-त. वेगात मुलं 'तातळ पाटात' म्हणतात, म्हणजे पुढच्या शब्दाचा 'त' उडी मारून आधीच्या शब्दात येतो आणि इकडचा 'प' तिकडे जातो. दुसरा सापळा 'पिठलं'. घाईत 'ठ'मधली हवा गळते आणि 'पिटलं' होतं. मग पितळी ताटात काहीतरी पिटलं जातं आणि मुलं लोळून हसतात. तिसरा सापळा शेवटच्या ओळीत दोन टोकांना आहे, 'पळीतून' आणि 'पळालं'. ज्याच्या घरी 'ळ' नाही त्याचा इथे 'ल' होतो. मात्र शेवटच्या ओळीतले चारही शब्द मुद्दाम 'प'चे ठेवले आहेत. अवघड जागा मध्ये आणि उतार शेवटी. शेवट सुसाट जायला हवा, नाहीतर मूल हरल्यासारखं खाली बसतं.

अक्षरांची ही पळवापळवी अभ्यासकांनीही मोजली आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या स्टेफनी शॅटक-हफनागेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली असा एक प्रयोग मांडला. जीभ अडखळवणाऱ्या शब्दावळी लोकांकडून म्हणवून घेतल्या आणि चुका ध्वनिमुद्रित करून तपासल्या. त्यात नुसती अदलाबदल नव्हती. कधी कधी दोन वर्ण जवळजवळ एकाच वेळी तोंडातून बाहेर पडत होते, 'ट' आणि 'क' मिळून 'ट्क' असं काहीतरी. म्हणजे मेंदूकडून पुढच्या शब्दाची आज्ञा आधीच निघालेली असते आणि जिभेला दोन आज्ञा एकदम पोचतात. माझ्या वर्गात 'पातळ ताटात'ला कधी कधी 'प्तातळ' असा एक आवाज निघतो. तो कुठल्याही भाषेतला नाही. मुलाला वाटतं आपण चुकलो. मी सांगते, "अरे, तुझं डोकं जिभेच्या पुढे धावतंय."

पाठ करून घेण्याची माझी पद्धत उलटी आहे. शेवटची ओळ आधी. ती तोंडात बसली की तिसरी आणि चौथी मिळून, मग दुसरीपासून, आणि शेवटी पहिलीपासून. असं केलं की मूल म्हणत म्हणत ओळखीच्या प्रदेशात जातं. सुरुवातीपासून पाठ केलं, तर पहिली ओळ शंभर वेळा म्हटली जाते, चौथी दहा वेळा, आणि नेमकी स्टेजवर शेवटी गाडी घसरते.

वेग टाळीनं वाढवायचा. चार ओळी, दर ओळीला चार टाळ्या, म्हणजे एकंदर 16 टाळ्या. आधी सेकंदाला एक टाळी, पद्य 16 सेकंदांत. सगळे वर्ण स्वच्छ आले तरच पुढे. शेवटचा टप्पा सेकंदाला दोन टाळ्या, म्हणजे आठ सेकंद. इथे अक्षरं मोजून फसू नका. आपण 'पातळ' तीन अक्षरांत लिहितो, पण म्हणताना त्याचे दोनच ठोके पडतात, पा-तळ्. 'पटकन'चेही दोनच, पट्-कन्. लिहिलेलं सोडून म्हटलेलं मोजलं तर या चार ओळींत 38 ठोके भरतात. आठ सेकंदांत 38 म्हणजे सेकंदाला पाचाच्या जरा खाली, साधारण मोठ्या माणसाच्या सहज बोलण्याचा वेग. त्याच्या पुढे पळवू नये. पुढे गेलं की मुलं एक लबाडी करतात: शेपट्या गिळतात. 'पकडलं'चं 'पकलं', 'पसरलं'चं 'पसलं'. टाळ्या देणाऱ्या पालकांना ते कळत नाही, उलट पोरगं काय वेगात म्हणतं म्हणून कौतुक होतं. ओळखायचा उपाय सोपा आहे. ज्यानं ते पद्य आधी ऐकलेलं नाही अशा कुणालातरी पाठ फिरवून बसवा आणि त्याला ऐकू आलेले शब्द सांगायला लावा. त्याला 'पकडलं' ऐकू आलं तर ते म्हटलं गेलं.

'ळ'साठी आणखी एक गोष्ट लागते, आणि ती आरशासमोर होते. 'ल'ला जिभेचा शेंडा वरच्या दातांच्या मागे टेकतो. 'ळ'ला जीभ मागे वळून शेंड्याची खालची बाजू टाळूला लागते आणि झटक्यानं खाली येते. मी मुलांना तोंड उघडं ठेवून गाल-गाळ, काल-काळ, वेल-वेळ म्हणायला लावते. 'ळ'ला आरशात जिभेची खालची, निळसर शिरांची बाजू दिसते, 'ल'ला तेवढी दिसत नाही. त्या पळीवाल्या मुलाला हे समजायला दोन शनिवार लागले. पण एकदा दिसल्यावर त्यानं ते शाळेच्या बसमध्ये सगळ्यांना दाखवलं, असं त्याची आई जरा तक्रारीच्या सुरातच म्हणाली.

दुसरं पद्य 'च'चं. मराठी माणसाला सहसा जाणवत नाही, पण आपल्या एका 'च'मध्ये दोन उच्चार राहतात. 'चिमणी'चा 'च' वेगळा, 'चोच'चा वेगळा. चिमणीचा तालव्य, जिभेचा मधला भाग टाळूला टेकवणारा. चोचीचा दाताजवळचा, थोडी 'त्स'ची झाक असलेला. लिपीत दोघांना एकच चिन्ह, त्यामुळे बाहेरून आलेल्याची फार फजिती होते. नियम अर्धा आहे. 'च'च्या पुढे इ, ई, ए किंवा य आला तर तो तालव्यच होतो. म्हणून 'चमचा' म्हणताना दोन्ही 'च' दाताजवळचे, पण 'चमचे' म्हटलं की दुसरा बदलतो. 'चिंच' या एवढ्याशा शब्दात दोन्ही आहेत, पहिला तालव्य आणि दुसरा दाताचा. उरलेला अर्धा नियम कानानं शिकायचा. आकड्यातला 'चार' तालव्य आणि गुरांचा 'चारा' दाताचा, याला कारण विचारणाऱ्या मुलाला मी चहा पाजते. चहाचा 'च' पुन्हा तालव्य आहे.

चिमणीची चोच, चोचीत चारा,
चाऱ्याला चिकटला चिखल सारा;
चोच चुकली, चारा सांडला,
चार चिमण्यांत चिवचिवाट मांडला.

इथे लिहिताना सगळीकडे एकच अक्षर दिसतं, आणि म्हणताना जीभ पुढे-मागे, पुढे-मागे करत राहते. 'चोच, चोचीत' यात तर एकाच शब्दाचा शेवटचा 'च' प्रत्यय लागताच जागा बदलतो. हिंदी घरातलं मूल पहिल्यांदा सगळे 'च' तालव्य म्हणतं आणि न अडखळता सुसाट जातं, कारण त्याच्यासाठी इथे सापळाच नसतो. असं मूल अडखळायला लागलं की मला आनंद होतो. दोन 'च' वेगळे आहेत हे त्याच्या जिभेला कळल्याची ती खूण असते.

ओठांचा खेळ मी आपल्या पंडित कवींकडून उचलला. बारामतीच्या मोरोपंतांनी (1729 ते 1794) रामायणं रचली ती एक-दोन नव्हेत, 108 अशी परंपरेची मोजदाद आहे, आणि प्रत्येकात काहीतरी करामत. त्यातलं एक 'निरोष्ठ रामायण'. निरोष्ठ म्हणजे ज्यात प, फ, ब, भ, म हे ओठांचे वर्ण येतच नाहीत. गंमत अशी, की रामाच्या नावातच 'म' आहे! म्हणजे रामायण लिहायचं आणि 'राम' म्हणायचं नाही. याआधी संस्कृतात दंडीनं 'दशकुमारचरिता'च्या सातव्या उच्छ्वासात मंत्रगुप्त नावाच्या कुमाराला असंच बोलायला लावलं आहे. त्याच्या ओठाला इजा झालेली असते, ओठ टेकले की दुखतं, म्हणून तो आपली अख्खी कहाणी ओठ न टेकवता सांगतो. मोरोपंतांच्या या कसरतींना पुढे समीक्षकांनी नाकं मुरडली. काव्य म्हणून मुरडली असतील, मला त्यात पडायचं नाही. तिसरीच्या वर्गात मात्र निरोष्ठ पद्यासारखं दुसरं खेळणं नाही.

मुलांच्या ओठांत कागदाची बोटभर रुंद घडी उभी धरायला देते, म्हणजे ओठ मिटू गेले की तिला लागतात. मग हे:

खाडीकडे गाडी, गाडीत काडी,
काडीत अडकली आजीची साडी;
साडी ओढता गाडी अडली,
गाडीच्या आड घोडी रडली.

शोधून पाहा, 'प'पासून 'म'पर्यंत एकही नाही. 'ओढता', 'घोडी' म्हणताना ओठ गोल होतात, पण टेकत नाहीत. जुने शास्त्रकार 'उ'लाही ओठांचाच मानतात, म्हणून तोही मी ठेवला नाही. कागद लवला तर कुठे लवला हे मूल स्वतःच शोधतं. बहुधा ते 'आजीची'च्या जागी 'मम्मीची' म्हणालेलं असतं.

हे पद्य वर्गात पहिल्यांदा म्हटलं तेव्हा गोडदेवच्या एका मुलीनं ते सरळ आपल्या बोलीत म्हणून दाखवलं: खारी, गारी, सारी, घोरी. आगरीत असा 'ड' 'र'कडे सरकतो. तिचं ऐकताना मला जाणवलं, की पद्य मोडलं नव्हतं. टाळ्या तिथेच, यमक तिथेच, कागदसुद्धा जागच्या जागी. फक्त 'ड'चा ठोका जाऊन 'र'ची घरंगळ आली होती. तिला मी थांबवलं नाही. दोन्ही तऱ्हांनी म्हणायला सांगितलं, एक ओळ आजीची आणि एक ओळ पुस्तकाची, आलटून पालटून. तो आमच्या वर्गातला सगळ्यात अवघड टंग ट्विस्टर निघाला, आणि तो फक्त तिलाच जमतो.

'स' आणि 'श'चं पद्य मी तिसरीच्या खाली देत नाही. सहाव्या-सातव्या वर्षी मुलांचे पुढचे दुधाचे दात पडतात. 'स'ची हवा त्याच दातांवर घासून जायची असते, आणि तिथे खिंडार असतं. बिचारं मूल 'स' म्हणतं आणि शिट्टी वाजते. दात येईपर्यंत त्यावर मेहनत घेणं फुकट आहे आणि त्याला हसणं तर वाईटच. दात आले की हे घ्यावं:

सशाला सापडले शंख सहा,
शिंपले शोधता सांडला चहा;
सहाचे साठ, साठाचे सहा,
सशाच्या शाळेत शून्यच पाहा.

इथे 'स' आणि 'श' एकमेकांत मिसळले आहेत. ज्या मुलाच्या घरी 'शाळा'ची 'साला' होते ते सगळं 'स'मध्ये म्हणेल, आणि जे फार सावध आहे ते उलट टोकाला जाऊन 'शहाचे शाठ' म्हणेल. दुसरी चूक बरी. फरक ऐकू आलाय, फक्त जागा ठरलेली नाही.

एका मुलाला मात्र मी यातलं काहीही वेगानं म्हणायला देत नाही. जे मूल बोलतानाच पहिल्या अक्षरावर अडतं, 'प-प-प-पप्पा' म्हणतं, मान झटकतं, डोळे मिटतं, त्याचं अडणं ही आपल्या खेळातली अडखळ नव्हे. टाळ्या वाजवून वेग वाढवला तर ते वाढतं आणि वर चारचौघांत लाज. अशा मुलाला मी टाळ्यांचा ठेका धरायचं काम देते आणि आईवडिलांना गाठून वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत दाखवायला सुचवते. वाचा आणि श्रवणाची ही सरकारी संस्था 1983 पासून वांद्र्याला आहे, आणि भाईंदरहून वांद्रं एकाच लोकलच्या अंतरावर. काही पालक रागावतात. "आमचा मुलगा काही मुका नाही," असं एकांनी सुनावलं होतं. पुढच्या वर्षी ते आपण होऊन जाऊन आले.

पळीवाला मुलगा आता चौथीत आहे. मागच्या महिन्यात तो स्वतःची ओळ रचून घेऊन आला, वहीच्या मागच्या पानावर:

गाळ्यात गोल गोल गोळा गडगडला,
गालाला गाळ गोळ्यानं लागला.

पहिली ओळ पक्की होती. 'गोल गोल गोळा' ही जागा मलाही सुचली नसती. दुसरी तोंडात लंगडत होती. आम्ही दोघांनी ती चार-पाच वेळा टाळी देऊन म्हणून पाहिली. मग तोच म्हणाला, "टीचर, 'लागला' आणि 'गालाला' लांब लांब आहेत, जवळ पाहिजेत." आणि त्यानं शब्द हलवले: गोळ्याचा गाळ गालाला लागला. आता 'ळ' दोनदा, लगेच 'ल'ची रांग. मी वेगात म्हणायला गेले आणि 'गालाळा' म्हणाले. या खेपेला हसणारा तो होता.

घरी म्हणून दाखवलंस का, असं विचारलं तर म्हणाला, "दाखवलं. पप्पा अजून 'गाला'च म्हणतात. त्यांना पहिली ओळ दिलीय, रविवारपर्यंत."